सातबाऱ्याचा शोध आणि दोन ओळींचं आश्वासन

फोनवर ‘7/12’ किंवा ‘satbara utara’ असं टाइप करणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट हवी असते. जमीन आपल्या नावावर नीट लागली आहे का, एवढंच त्याला पाहायचं असतं. किंवा बँकेनं कर्जासाठी उतारा मागितलेला असतो. नाहीतर उताऱ्यात काहीतरी चुकलेलं असतं आणि ते कुठे दुरुस्त होतं, हे कळत नसतं. तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. शोधाच्या निकालात मात्र तिघांनाही एकाच धाटणीची ओळ भेटते: ‘मोफत सातबारा डाउनलोड करा, फक्त २ मिनिटांत, अधिकृत लिंक’.

या ओळीत धडधडीत खोटं फारसं नाही, आणि अडचण तिथेच आहे. महसूल विभागाच्या bhulekh.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर सातबारा खरोखरच मोफत दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर किंवा खातेदाराचं नाव द्यायचं, की उतारा समोर येतो. पण तो बिनसहीचा, केवळ माहितीसाठी असतो. सरकारी किंवा बँकेच्या कामाला लागणारा, डिजिटल सही असलेला उतारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर मिळतो आणि त्याला १५ रुपये शुल्क पडतं. म्हणजे ‘मोफत’ हा शब्द पहिल्या माणसासाठी खरा आणि दुसऱ्यासाठी खोटा. ‘अधिकृत’ हा शब्द सरकारी पानाबद्दल खरा, पण तो ज्या खासगी पानाच्या शीर्षकात बसवलेला असतो त्याच्याबद्दल नव्हे. ओळ लिहिणाऱ्याला क्लिक मिळतं. बँकेच्या रांगेत उभं राहून परत यावं लागतं ते वाचणाऱ्याला.

अशा विषयावर पान लिहिणाऱ्यानं सरळ मार्गानं क्लिक कसे वाढवायचे? समजा, आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या एकानं सातबारा काढण्याची माहिती देणारं एक पान तयार केलं आहे. त्याचं सध्याचं मेटा टायटल आणि मेटा डिस्क्रिप्शन असं आहे:

```html
<title>सातबारा | 7/12 | Satbara | मोफत सातबारा 2023 | होम</title>
<meta name="description" content="सातबारा, 7/12 उतारा,
मोफत सातबारा, ऑनलाइन सातबारा, सातबारा डाउनलोड">
```

पानाच्या कोडमध्ये लपलेल्या या दोन जागा वाचकाला पानावर दिसत नाहीत. पहिली ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात ठळक दुव्याच्या रूपात दिसते. दुसरी त्या दुव्याखाली, करड्या अक्षरांत, दिसली तर दिसते. ‘दिसली तर’ म्हणायचं कारण असं की, या दोन्ही जागांवर अंतिम शब्द लिहिणाऱ्याचा नसतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलनं निकालातली शीर्षकं ठरवण्याची नवी पद्धत आणली. त्यावर बराच आरडाओरडा झाला, कारण अनेकांना आपण लिहिलेलं टायटल निकालात सापडेना. महिनाभरानं गूगलनं सांगितलं की, सुधारणा केल्यानंतर आता सुमारे ८७ टक्के वेळा पानाचं स्वतःचं टायटलच वापरलं जातं. उरलेल्या वेळी गूगल पानावरचा मोठा मथळा घेतं, ठळक मजकूर घेतं किंवा इतर पानांनी दुवा देताना वापरलेले शब्द घेतं. हे कधी होतं तेही गूगलनं सांगून ठेवलं आहे: टायटल अर्धवट असेल, एकच शब्द वेगवेगळ्या रूपांत कोंबलेला असेल, साइटच्या सगळ्या पानांना एकच साचा लावलेला असेल, किंवा टायटलमधलं साल मागे राहून पानावरचा मथळा पुढे गेला असेल. केंद्रचालकाचं टायटल यातल्या तीन कसोट्यांवर तरी नापास होतं. सातबारा हाच शब्द चार प्रकारे आला आहे, २०२३ हे साल शिळं झालं आहे आणि ‘होम’ हा शब्द बहुधा साच्यातून आपोआप चिकटला आहे.

साल बदलायचं काम तर अनेक जण दर जानेवारीला एका झटक्यात उरकतात. टायटलमध्ये नवं साल, आत मजकूर जुनाच. शुल्क, संकेतस्थळाचा पत्ता, प्रक्रिया यांपैकी काहीही पुन्हा तपासलेलं नसतं. वाचकासाठी साल म्हणजे ‘हे नुकतंच तपासलं आहे’ असं सांगणं असतं. तपासलं नसेल तर ते साल काढून टाकलेलं बरं.

डिस्क्रिप्शनची गोष्ट आणखी वेगळी. मेटा डिस्क्रिप्शन पानाचा क्रम ठरवताना वापरलं जात नाही, हे गूगलनं २००९ मध्येच स्पष्ट केलं होतं. तेव्हा त्यात शब्दांची माळ गुंफण्याचा क्रमवारीला काडीचाही उपयोग नाही. शिवाय निकालात दुव्याखाली दिसणारा मजकूर गूगल मुख्यतः पानाच्या मजकुरातून, शोधलेल्या शब्दांना धरून उचलतं. लिहिलेलं डिस्क्रिप्शन पानाचं अधिक नेमकं वर्णन करत असेल, तरच ते दाखवलं जातं. यातून एक व्यवहारी गोष्ट निघते, जी बहुतेक जण विसरतात. डिस्क्रिप्शनवर जेवढी मेहनत घ्यायची, तेवढीच पानाच्या पहिल्या परिच्छेदावर घ्यायला हवी. ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या या लेखात आपण पाहणार आहोत’ या वाक्यानं पान सुरू होत असेल, तर दुव्याखाली नेमकं तेच वाक्य झळकण्याची शक्यता असते.

लांबीबद्दल फार दंतकथा आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलनं दुव्याखालचा मजकूर जवळजवळ दुप्पट लांब केला. लोकांनी धावपळ करून शेकडो पानांची डिस्क्रिप्शनं लांबवली आणि मे २०१८ मध्ये गूगलनं तो पुन्हा आखूड केला. इंग्रजीसाठी १५५ ते १६० अक्षरांचा आकडा अनेकांना तोंडपाठ आहे. गूगलनं स्वतः अशी कुठलीही मर्यादा घालून दिलेली नाही. उपकरणाच्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर कापला जातो, एवढंच.

मराठीसाठी तर हा आकडा आणखीच फसवा. अक्षरं मोजणारी साधनं संगणकाच्या हिशेबानं मोजतात, डोळ्यांच्या नाही. ‘महाराष्ट्र’ या शब्दात डोळ्याला चार अक्षरं दिसतात, पण संगणकाकडे म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे दहा घटक असतात. त्यातला हलन्त स्वतंत्र जागा व्यापत नाही, उकार आणि मात्राही अक्षराच्या खाली-वर बसतात, काना मात्र जागा घेतो. त्यामुळे ‘६० अक्षरं झाली, टायटल कापलं जाणार’ असा लाल इशारा साधनानं दिला, तरी प्रत्यक्षात ते पडद्यावर आरामात मावू शकतं. कापलं जाणं ठरतं ते पिक्सेलमधल्या रुंदीवर. डेस्कटॉपवर टायटलला साधारण ६०० पिक्सेल मिळतात, असा अनुभव आहे. मोबाइलवर टायटल दुसऱ्या ओळीवर उतरतं. म्हणून मोजत बसण्यापेक्षा महत्त्वाचे शब्द आधी लिहावेत आणि पान निकालात कसं दिसतं, हे स्वस्तातल्या फोनवर पाहून घ्यावं.

आता केंद्रचालकाच्या पानाकडे. टायटल लिहिण्याआधी त्यानं करायचं पहिलं काम म्हणजे पानावर नेमकं काय आहे याची यादी करणं. त्याच्या पानावर मोफत उतारा पाहण्याची पद्धत आहे, सहीचा उतारा काढण्याची पद्धत आहे, गट नंबर माहीत नसेल तर नावावरून शोधायचं कसं ते आहे, आणि चूक असेल तर तलाठ्याकडे काय घेऊन जायचं तेही आहे. यातली पहिली गोष्ट सगळीकडे सापडते. मोफत आणि १५ रुपयांचा उतारा यांतला फरक मात्र फार थोडे जण उघडपणे सांगतात. ज्याला क्लिक हवं आहे त्याच्या हातातलं खरं भांडवल हा फरकच आहे.

दुसरं काम म्हणजे लोक काय टाइप करून पानापर्यंत येतात ते पाहणं. ते गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात दिसतं. तिथे प्रत्येक शोधशब्दापुढे चार आकडे असतात: पान निकालात किती वेळा दिसलं, म्हणजे इम्प्रेशन, किती वेळा त्यावर क्लिक झालं, त्या दोघांचं प्रमाण, म्हणजे सीटीआर, आणि पानाचा सरासरी क्रमांक. ‘सातबारा’, ‘7/12’ आणि रोमन लिपीतलं ‘satbara’ हे तिन्ही त्या यादीत सापडतील. म्हणून तिन्ही टायटलमध्ये कोंबण्याची गरज नाही. वाचकाला आपला शब्द दिसावा एवढ्यासाठी ‘सातबारा’ आणि ‘7/12’ पुरेत. रोमन लिपीतला शब्द पानाच्या मजकुरात एखाद्या ठिकाणी सहज येऊ द्यावा.

यातून नव्या दोन ओळी अशा होतात:

```html
<title>सातबारा (7/12) ऑनलाइन: पाहणे मोफत, सहीचा उतारा ₹15</title>
<meta name="description" content="नुसता पाहायचा असेल तर
सातबारा मोफत दिसतो; बँकेसाठी डिजिटल सहीचा उतारा लागतो.
दोन्ही कसे काढायचे, गट नंबर नसेल तर नावाने कसे शोधायचे.">
```

‘सर्वोत्तम’, ‘संपूर्ण मार्गदर्शक’, ‘थक्क व्हाल’ असले शब्द इथे नाहीत, तरी ओळ फिकी वाटत नाही. तिला वजन येतं ते ‘₹15’ या आकड्यानं आणि ‘पाहणे’ विरुद्ध ‘सहीचा’ या फरकानं. बँकेसाठी उतारा हवा असलेल्या माणसाला निकालाच्या यादीतच कळतं की इथे आपली अडचण कुणाला तरी ठाऊक आहे. ‘अधिकृत’ हा शब्द काढला आहे, कारण पान खासगी आहे. साइटचं नावही घातलेलं नाही. २०२२ पासून गूगल मोबाइलच्या निकालात साइटचं नाव दुव्याच्या वर वेगळं दाखवू लागलं, त्यामुळे टायटलमधली जागा त्यासाठी खर्च करायचं कारण उरलं नाही. डिस्क्रिप्शनमधलं प्रत्येक वाक्य पानावर कुठे ना कुठे बोट ठेवून दाखवता येतं. चूक दुरुस्तीचा भाग मुद्दाम वगळला आहे. पानावर त्याबद्दल दोनच ओळी आहेत, आणि तेवढ्यासाठी त्या तिसऱ्या माणसाला बोलावणं योग्य नाही. त्याच्यासाठी वेगळं पान लिहावं.

केंद्रचालक स्वतः पैसे घेऊन उतारा काढून देत असेल, तर गोष्ट बदलते. तेव्हा टायटलमध्ये फक्त ₹15 लिहिणं हीसुद्धा फसवणूकच. सरकारी शुल्क आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं आहे, हे डिस्क्रिप्शनमध्ये आणि पानाच्या पहिल्या परिच्छेदात आलंच पाहिजे. सेवा विकणाऱ्यांसाठी हा आता केवळ सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डार्क पॅटर्नबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खोटी घाई दाखवणं आणि एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं या दोन्ही युक्त्यांची नावं घेतलेली आहेत. ‘आजच काढा, उद्यापासून बंद’ हे टायटल कुठल्या वर्गात बसतं ते वेगळं सांगायला नको.

टायटल बदललं की दुसऱ्या दिवशी सीटीआर पाहायला धावणारे पुष्कळ. पण गूगलला पान पुन्हा वाचायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून पुन्हा वाचण्याची विनंती करता येते, तरी निकालात नवं टायटल खरोखर दिसू लागलं आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी पाहावं. मोजणी त्या तारखेपासून सुरू करायची, बदल केल्याच्या तारखेपासून नाही. आणि गूगलनं टायटल बदलून दाखवलं असेल, तर मोजायचं ते त्याचं टायटल की आपलं, हा प्रश्न आधी सोडवायचा.

मग आकडे येतात आणि ते हमखास गोंधळात टाकतात. उदाहरणादाखल धरून चालू की बदलापूर्वीच्या २८ दिवसांत पान ‘satbara utara’ या शोधात ८,००० वेळा दिसलं आणि ३२० क्लिक मिळाले. सीटीआर ४ टक्के. बदलानंतरच्या २८ दिवसांत याच शोधात पान पुन्हा ८,००० वेळा दिसलं, क्लिक ४४० झाले, म्हणजे ५.५ टक्के. पण डिस्क्रिप्शनसोबत पानाचा पहिला परिच्छेदही सुधारल्यामुळे पान ‘नावाने सातबारा शोधणे’ अशा नव्या शोधांतही दिसू लागलं. तिथे क्रमांक नववा, इम्प्रेशन १२,००० आणि क्लिक १२०. आता पूर्ण पानाचे आकडे पाहिले तर २०,००० इम्प्रेशनवर ५६० क्लिक, सीटीआर २.८ टक्के. वरवर पाहणारा म्हणेल, चारावरून तीनच्याही खाली आलं, जुनं टायटल परत लावा. खरं तर क्लिक वाढले आहेत आणि मूळ शोधातली टक्केवारीही वाढली आहे. म्हणून पानाचा एकत्रित सीटीआर पाहून निर्णय घेऊ नये. एकेक शोधशब्द वेगळा काढून, त्याचा सरासरी क्रमांक दोन्ही काळांत जवळपास तोच असेल तरच तुलना करावी. क्रमांक सहाव्यावरून तिसरा झाला तर सीटीआर टायटलला हातही न लावता वाढतो.

ऋतूचा परिणाम आणखी वेगळा. कर्जाच्या हंगामात उताऱ्याची मागणी वाढते, आणि घाईत असलेला माणूस पहिल्या दुव्यावर बोट ठेवतो. यावर साधा उपाय आहे. केंद्रचालकाचं आठ-अ उताऱ्याचंही पान असेल, तर त्याचं टायटल या काळात तसंच ठेवावं. हंगामाचा वारा दोन्ही पानांना सारखाच लागतो. सातबाऱ्याचं पान त्याहून किती वेगळं वागलं, तेवढाच नव्या टायटलचा प्रताप.

क्लिक वाढले म्हणजे काम संपलं असं नाही. वाढलेले क्लिक योग्य माणसांचे आहेत का, हे पाहायचं उरतं. अनेक जण यासाठी पानावर घालवलेला वेळ पाहतात. गूगल ॲनालिटिक्स दहा सेकंदांहून जास्त थांबलेल्या भेटीला गुंतलेली भेट मानतं. सातबाऱ्याच्या पानावर हे माप उलटं फिरू शकतं. ज्याला फक्त सरकारी संकेतस्थळाचा पत्ता हवा होता, तो सात सेकंदांत दुवा दाबून निघून जातो. त्याचं काम झालेलं असतं, आकडा मात्र नापसंती दाखवतो. तेव्हा इथे पाहायचं ते हे की, आलेल्यांपैकी किती जणांनी महाभूमीच्या दोन दुव्यांपैकी एक तरी दाबला. बाहेर जाणारे क्लिक ॲनालिटिक्समध्ये नोंदवता येतात. क्लिक वाढले आणि हे प्रमाण घसरलं, तर टायटलनं चुकीच्या माणसांना आत ओढलं असं समजावं. क्लिक थोडे घटले पण प्रमाण चढलं, तर टायटलनं काहींना दारातूनच योग्य दिशेनं परत पाठवलं.

ही शेवटची शक्यता केंद्रचालकाला रुचत नाही, कारण अहवालात घटलेला आकडा तांबड्या रंगात दिसतो. पण ‘मोफत’ एवढंच वाचून येणारा आणि १५ रुपयांचा उल्लेख दिसताच परत फिरणारा माणूस त्याच्या कुठल्या कामाचा? क्लिकचा गूगलच्या क्रमवारीशी संबंध आहे, हेही आता लपून राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये गूगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारी खटल्यात गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी नॅवबूस्ट या यंत्रणेबद्दल साक्ष दिली. वापरणाऱ्यांचे १३ महिन्यांचे क्लिक ती हिशेबात घेते, असं त्यातून पुढे आलं. त्यावरून काहींनी ‘कसंही करून क्लिक मिळवा’ असा अर्थ काढला. मात्र वर्षभराहून जास्त काळाचं वागणं ज्या हिशेबात धरलं जातं, तिथे एका महिन्याची फसवी भरती कितपत टिकेल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

नेमक्या टायटलचा एक तोटा मात्र मान्य करावा लागतो: ते शिळं होतं. ‘सातबारा कसा काढावा’ हे टायटल दहा वर्षं टिकेल. ‘सहीचा उतारा ₹15’ हे शुल्क बदलेल त्या दिवशी खोटं ठरेल, आणि दुरुस्त केलं तरी गूगलनं पान पुन्हा वाचेपर्यंत निकालात खोटंच दिसत राहील. त्यामुळे आकडा टायटलमध्ये घालायचा की नाही, हे पान सांभाळणाऱ्यावर ठरतं. दर महिन्याला सरकारी संकेतस्थळ उघडून शुल्क तपासणारा माणूस असेल तर आकडा टायटलमध्ये असावा, आणि तो पानावर जिथे जिथे आला आहे त्या जागांची नोंद त्याच्याकडे असावी. असा माणूस नसेल तर टायटल ‘पाहणे मोफत, सहीच्या उताऱ्याला शुल्क’ एवढ्यावर थांबवावं आणि १५ रुपयांचा आकडा फक्त पानाच्या मजकुरात, तपासल्याच्या तारखेसह ठेवावा. थोडे क्लिक कमी मिळतील, पण बदललेल्या शुल्काचा जाब विचारणारा फोन येणार नाही.